‘फक्त प्रूफ वाचून द्या’ म्हणजे नेमकं किती?

*ठाण्यात राहते. शालेय पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची प्रूफं वाचायचं काम बरीच वर्षं करते आहे. कोर्ट नाक्याजवळच्या एका वकीलसाहेबांनी नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या पुनर्विकासाचा करारनामा पाठवलाय. मराठीत आहे, ६२ पानांचा. म्हणाले, ‘‘ताई, फक्त प्रूफरीडिंग करा, शुक्रवारी द्या.’’ वाचायला घेतला आणि शुद्धलेखन राहिलं बाजूला. कलम ७ म्हणतं, सभासदाला सध्याच्या चटई क्षेत्रापेक्षा ३० टक्के जास्त जागा मिळेल, मागच्या तक्त्यात एका सभासदाचं जुनं क्षेत्र ४५० चौरस फूट आणि नवीन ५६५ (५२.४९ चौ. मी.) दिलंय. ताबा ३६ महिन्यांत द्यायचा, पण ते महिने एका कलमात जागा रिकामी केल्यापासून मोजलेत, दुसऱ्यात सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, मिळाल्यापासून. एकाच फ्लॅटला कुठे ‘सदर सदनिका’, कुठे ‘नवीन फ्लॅट’, कुठे ‘पर्यायी जागा’. यातलं मी काय दुरुस्त करायचं? आणि पानामागे जो दर सांगून बसले, तो आता अंगाशी येणार असं दिसतंय.*
*– एक प्रूफवाचक, ठाणे*

ताई, अजून काहीच दुरुस्त करू नका. आधी वकीलसाहेबांना फोन करा आणि एवढंच विचारा: हा मसुदा विकासकाच्या वकिलांनी पाहिलाय का, आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपुढे गेलाय का?

उत्तर काय येतं त्यावर तुमचं काम ठरेल. दोन्ही बाजूंनी मान्य झालेला मजकूर छापून नोंदणीला जायचा असेल, तर ते प्रूफवाचन. मसुदा अजून दोन वकिलांमध्ये फिरत असेल, तर कॉपी-एडिटिंगला जागा आहे. आणि वकीलसाहेब जर म्हणाले की ‘‘जुने दोन-तीन करार जोडून केलाय, अजून कोणाला दाखवला नाही,’’ तर या कागदाला आशयाचं संपादन लागणार आहे, मग त्याला कोणी प्रूफरीडिंग म्हणो वा आणखी काही. तुमचं वर्णन वाचून मला ही तिसरी शक्यता जास्त वाटते. एका फ्लॅटला तीन नावं पडतात ती बहुधा तीन वेगवेगळ्या करारांतून उचललेल्या कलमांमुळे.

पुस्तकांच्या कामात या तीन प्रकारांतला फरक आपण मेहनतीवर मोजतो: कमी बदल, मध्यम बदल, भरपूर बदल. कायद्याच्या कागदाला ते माप लागू पडत नाही. इथे फरक अधिकाराचा आहे. कोणती गोष्ट न विचारता बदलायची, कोणती फक्त दाखवून द्यायची आणि कोणती नव्याने लिहून मंजुरीसाठी पुढे ठेवायची, हे तीन पायऱ्यांवर वेगवेगळं असतं. तुमच्याच कागदावर ते लावून बघू.

प्रूफवाचनात तुम्ही एका कागदाशी दुसरा कागद ताडून पाहता. म्हणून पहिली मागणी मूळ कागदांची करायची: दोन्ही वकिलांनी मान्य केलेली शेवटची प्रत, जागेचं मालमत्ता पत्रक, सभासदांच्या भाग दाखल्यांच्या प्रती. हे हातात नसेल तर तुम्ही फक्त शुद्धलेखन तपासताय, आणि कायद्याच्या कागदात नुसतं शुद्धलेखन कधीकधी घात करतं. ठाण्याच्या जुन्या भागातल्या मिळकतींच्या वर्णनात ‘टिका नं.’ येतो. सवयीने तुमचा हात तिथे ‘टीका’ करायला जाईल. करू नका, मालमत्ता पत्रकावर जसं असेल तसंच राहायला हवं. सभासदाच्या भाग दाखल्यावर ‘कुळकर्णी’ असेल तर करारातही कुळकर्णीच. एखाद्या जुन्या खरेदीखतातला उतारा अवतरणात दिला असेल, तर त्यातल्या चुकासुद्धा जशाच्या तशा ठेवायच्या.

मग प्रूफवाचकाने शोधायचं काय? मराठी दस्तांमध्ये सर्वात जास्त घोळ फॉन्ट बदलताना होतो. वकिलांच्या ऑफिसातले जुने मसुदे अजून श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतात. ते युनिकोडमध्ये आणताना रफार भलत्याच अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी सरकते, आणि काही जोडाक्षरं फुटतात. डोळ्यांना ते पटकन दिसतं, म्हणून त्याची मला फार भीती वाटत नाही. भीती आकड्यांची आहे. स्कॅनवरून पुन्हा टाइप केलेल्या कागदात १ आणि ९ यांची अदलाबदल होते आणि वाक्य तरीही बिनचूक दिसतं. म्हणून आकडे वेगळ्या फेरीत वाचायचे, जमल्यास दुसऱ्या माणसाला मूळ प्रत मोठ्याने वाचायला लावून. रक्कम अंकांत आणि अक्षरांत दोन्ही असेल तर दोन्ही एकमेकांशी जुळवायच्या. न जुळल्यास खरी कोणती ते तुम्ही ठरवायचं नाही. धनादेश आणि वचनचिठ्ठ्यांसाठी १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १८ सांगतं की अक्षरांतली रक्कम धरायची, पण तो निवाड्याचा नियम झाला, प्रूफवाचकाचा नव्हे.

या पायरीवर एवढी काटेकोरी का, तर दस्त नोंदवल्यावर चूक निघाली की तिच्यासाठी वेगळं चूक दुरुस्ती पत्र करावं लागतं, त्यावर सगळ्या पक्षांच्या सह्या घ्याव्या लागतात आणि तेही नोंदवावं लागतं. शिवाय नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २० प्रमाणे दस्तात ओळींमधला वाढीव मजकूर, खाडाखोड किंवा कोरी जागा असेल आणि ती सही-आद्याक्षरांनी प्रमाणित केलेली नसेल, तर दुय्यम निबंधक दस्त नाकारू शकतो. त्यामुळे ‘दिनांक ____’ अशी राहून गेलेली रेघ दाखवणं हे अगदी अस्सल प्रूफवाचकाचं काम आहे.

आता तुमचं ५६५. मान्य प्रतीतही ५६५ असेल, तर प्रूफवाचक म्हणून तुमच्या दृष्टीने तो आकडा बरोबर आहे. तुम्ही फार तर पेन्सिलीने खूण कराल. कॉपी-एडिटरचं काम इथून सुरू होतं: कागद स्वतःशी जुळतो का?

४५० वर ३० टक्के म्हणजे ५८५. तक्त्यात ५६५. मोह असा होतो की टाइप करताना ८ चा ६ झाला, करून टाकूया ५८५. पण तुमच्याच पत्रात पुढचा धागा आहे. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. ५६५ ला त्याने भागलं की ५२.४९ येतात, तक्त्यात आहेत तेवढेच. ५८५ चे ५४.३५ आले असते. म्हणजे हा बोट घसरल्याचा प्रकार नाही. कोणीतरी ५६५ हा आकडा धरून हिशेब केलाय. मग दुसरी शक्यता बघा. ४३५ वर ३० टक्के म्हणजे पाचशे पासष्टच्या आसपास, नेमके ५६५.५. मंजूर नकाशात या सभासदाचं जुनं क्षेत्र ४३५ असेल, तर नवीन आकडा बरोबर आणि ४५० हाच चुकलेला. तिसरी शक्यता, या सभासदाबरोबर वेगळी बोलणी झाली असतील आणि त्याच्यापुरते ३० टक्के लागूच नसतील. तुम्ही शांतपणे ५८५ केलं असतं तर एका वाटाघाटीचा निकाल वीस चौरस फुटांनी बदलला असता, आणि तो कोणी बदलला हे कोणाला कळलंही नसतं.

म्हणून इथे दुरुस्ती नाही, प्रश्न लिहायचा. प्रश्न असा लिहा की वकिलाला कागद पुन्हा उघडून शोधावं लागू नये: ‘‘कलम ७ प्रमाणे ३० टक्के वाढ धरल्यास परिशिष्टातल्या या सदनिकेचं नवीन क्षेत्र ५८५ चौ. फूट येतं; तक्त्यात ५६५ आहे आणि चौ. मी.चा आकडा ५६५ शी जुळतो. जुनं क्षेत्र ४३५ आहे का, की टक्केवारी वेगळी? कृपया मंजूर नकाशावरून खात्री करावी.’’ आणि तक्त्यातल्या एका ओळीत हे सापडलं म्हटल्यावर सगळ्या ओळींचा गुणाकार करून बघायचा. कॉपी-एडिटिंगचा वेळ खरा इथेच जातो, आणि तो पानांच्या दरात कधीच धरलेला नसतो.

तीन नावांचा प्रश्नही याच पायरीवरचा. कथेत एकच शब्द पुन्हा पुन्हा आला तर आपण बदलून घेतो. करारात उलट शिस्त आहे. व्याख्येत एक शब्द ठरला की शेवटपर्यंत तोच, कारण दुसरा शब्द दिसला की वाचणारा, विशेषतः भांडायला बसलेला वाचणारा, म्हणतो की गोष्टही दुसरीच आहे. पण म्हणून ‘शोधा आणि बदला’ करून तिन्हींची ‘सदर सदनिका’ करून टाकू नका. पुनर्विकासात सभासदाच्या दोन जागा असू शकतात: बांधकाम चालू असताना राहायला तात्पुरती, आणि शेवटी कायमची. ‘पर्यायी जागा’ या दोन शब्दांनी ठिकठिकाणी यातली कोणती अभिप्रेत आहे, ते वाक्यावाक्यात बघावं लागेल. जिथे निर्विवाद आहे तिथे बदल सुचवा, जिथे शंका आहे तिथे विचारा.

‘व’ आणि ‘किंवा’ एका वाक्यात आले की तिथेही थांबा. ‘विकासक सभासदांना भाडे व दलाली किंवा तात्पुरती जागा देईल’ हे वाक्य घ्या. भाडे आणि दलाली मिळून एक पर्याय, आणि जागा हा दुसरा? की भाडं नक्की, आणि त्यासोबत दलाली नाहीतर जागा? स्वल्पविराम कुठे द्यायचा हे ज्याला उत्तर माहीत आहे त्यानेच सांगायचं. ‘देईल’च्या जागी ‘देऊ शकेल’ बरं वाटतं म्हणून करणं तर फारच महाग पडेल. बंधन होतं, त्याची मुभा झाली.

छत्तीस महिन्यांचं त्याहून पुढचं. दोन कलमांत मोजणीची सुरुवात वेगळी आहे, एवढं दाखवणं कॉपी-एडिटिंग. पण सुरुवात कुठून असावी, उशीर झाला तर भाडं चालू राहील की दंड लागेल, तोच दिवस बँक हमीच्या कलमाशी कसा जोडायचा, हे ठरवून ती कलमं नव्याने एकत्र मांडणं म्हणजे आशयाचं संपादन. यात कलमांचा क्रम बदलतो, व्याख्या पुढे येतात, दोनदा आलेली कलमं एक होतात, राहून गेलेली गोष्ट ‘ही इथे हवी का?’ म्हणून पुढे येते. उदाहरणार्थ ‘चटई क्षेत्र’. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या व्याख्येत घरातल्या आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, सेवांचे डक्ट आणि त्या घरापुरती असलेली बाल्कनी किंवा उघडी गच्ची धरत नाहीत. करारातल्या व्याख्येत बाल्कनी धरली असेल, तर तुमचे ३० टक्के कागदावर तेवढेच राहून प्रत्यक्षात आक्रसतात. आशयसंपादक हे पाहून वकिलांपुढे ठेवतो. शासनाने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ ला पुनर्विकासाचे निर्देश काढलेत. करार त्यांना धरून आहे की नाही, हे तपासणं मात्र वकिलाचंच.

ही रेघ मी मुद्दाम जाड ओढतो. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने वकिली करण्याचा हक्क अधिवक्त्यांना दिलाय, आणि बार कौन्सिल ऑफ इंडिया विरुद्ध ए. के. बालाजी या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की वकिली म्हणजे फक्त कोर्टात उभं राहणं नव्हे, कोर्टाबाहेरचं कायदेविषयक कामही त्यात येतं. तुम्ही वकिलासाठी, वकिलाच्या सूचनेवरून मांडणी सुधारता आणि शेवटचा शब्द त्याचा असतो, तोवर ठीक. उद्या त्याच सोसायटीचे सेक्रेटरी परस्पर तुमच्याकडे आले की ‘‘वकिलाची फी कशाला, तुम्हीच कलम नीट करून द्या,’’ तर नाही म्हणा.

आता पैसे. पानामागे दर हे तुमचं पहिलं संकट. वकिलांकडचं पान लीगल साइजचं, कधी दोन ओळींत भरपूर जागा सोडलेलं, कधी तक्त्यांनी गच्च. शब्द मोजा आणि २५० शब्दांचं एक पान धरा. तुमचा मसुदा समजा १८,००० शब्दांचा निघाला, तर कामाची पानं ७२. मग दर सांगण्याआधी नमुना वाचा, आणि पहिली पानं घेऊ नका; पार्श्वभूमीची ती कलमं वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेली असतात. एक पान व्याख्यांचं, एक पैशांच्या कलमांचं, एक परिशिष्टातलं घ्या आणि घड्याळ लावून दोन्ही प्रकारे करून बघा. समजा ताडून प्रूफ वाचायला पानाला सहा मिनिटं लागली आणि कॉपी-एडिटिंगला पंधरा. ७२ पानांना प्रूफवाचनाचे सव्वासात तास होतात, कॉपी-एडिटिंगचे अठरा. त्यात आकड्यांचा ताळा, कलमांच्या परस्परसंदर्भांची यादी आणि उत्तरं आल्यावरची दुसरी फेरी वेगळी धरायची. आशयाच्या संपादनाला असा हिशेब लावूच नका. त्याचे टप्पे पाडा: आधी वाचून त्रुटींचं टिपण, त्याचे ठरावीक पैसे, ते वाचून वकिलांनी काय करायचं ते सांगितल्यावर पुढच्या कामाचा तासावर दर.

आणखी एक विचारून ठेवा: नोंदणीला मराठी प्रत जाणार की इंग्रजी? इंग्रजी मूळ असून ही मराठी प्रत फक्त सभासदांना कळावी म्हणून असेल, तर मूळ इंग्रजीशी ताडणं हे चौथंच काम आहे, आणि ते कोणत्याही दरात आपोआप येत नाही.

हे सगळं फोनवर बोलून सोडू नका, मेल करा. साधारण असा:

‘‘आपल्या मसुद्याचं काम मी पुढीलप्रमाणे धरते आहे. शुद्धलेखन, टंकलेखन, कलमांचे क्रमांक आणि आपण दिलेल्या मान्य प्रतीशी न जुळणाऱ्या जागा मी ट्रॅक चेंजेस चालू ठेवून दुरुस्त करीन. आकडे, मुदती, व्याख्या आणि अर्थ बदलू शकेल अशी वाक्यं मी बदलणार नाही; त्यांची प्रश्नयादी वेगळ्या फाइलमध्ये देईन. कलमांची फेरमांडणी, नवीन मजकूर आणि कायद्याशी सुसंगती तपासणं यात धरलेलं नाही. आपली उत्तरं आल्यावर एक फेरी यात आहे. त्यानंतर मसुदा बदलल्यास त्याचं काम वेगळं.’’

प्रश्नयादी वेगळ्या फाइलमध्ये का, तेही सांगतो. मसुद्याच्या समासात ‘३६ महिने कधीपासून? विकासकाला पळवाट मिळते’ असं तुम्ही लिहिलंत आणि ऑफिसातून ती फाइल तशीच पुढे गेली, तर वकीलसाहेबांच्या अशिलाची कमजोर जागा समोरच्या वकिलांना आयती मिळते. समासात फक्त ‘प्रश्न ४’ एवढंच असावं. सभासदांचे पॅन आणि आधार क्रमांक असलेली पानं त्यांच्याकडून झाकून मागा, किंवा ते आकडे ताडणं कामातून वगळा; घरच्या लॅपटॉपवर दुसऱ्यांचे आधार क्रमांक साठवण्यात काही अर्थ नाही.

शुक्रवारचं काय? अठरा तासांचं काम शुक्रवारपर्यंत होणार नाही, आणि सांगितलेल्या दरात तर नाहीच. वकीलसाहेबांना दोन पर्याय द्या. एक, शुक्रवारी ठरलेल्या दरात प्रूफ वाचून देते, सोबत नजरेस पडलेल्या तीन गंभीर विसंगतींची नोंद फुकट. दोन, पुढच्या आठवड्यात प्रश्नयादीसह कॉपी-एडिटिंग, नव्या दराने. मला वाटतं ५६५ चा हिशेब त्यांना फोनवर एकदा करून दाखवलात तर ते दुसरा पर्याय घेतील. पहिलाच घेतला, तर फाइलच्या नावात आणि सोबतच्या मेलमध्ये ‘प्रूफ वाचन, मान्य प्रतीशी ताडून’ असं स्पष्ट लिहा. मान्य प्रत मिळालीच नसेल तर ‘मूळ प्रतीविना, फक्त शुद्धलेखन’ असं. ‘तपासून दिलं’ हे शब्द वापरू नका. उद्या परिशिष्टावरून सोसायटीत वाद झाला, तर तपासलं म्हणजे काय काय तपासलं, हे तुम्हालाच विचारलं जाईल.